पाच कप्प्यांत न मावलेला माणूस

आज आपण एका कवटीची गोष्ट ऐकूया.

जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात ब्लूमेनबाख नावाचे प्राध्यापक देशोदेशीच्या माणसांच्या कवट्या जमवत. १७९५ साली त्यांनी माणसांचे पाच प्रकार मांडले. जॉर्जियातल्या एका बाईची कवटी त्यांना सगळ्यांत सुंदर वाटली, म्हणून गोऱ्यांचा प्रकार त्यांनी मूळ धरला. हे प्रकार एकमेकांत मिसळत जातात, मध्ये रेघ ओढता येत नाही, हेही त्यांनीच लिहिलं होतं. पुढच्यांनी मात्र कप्पे तेवढे उचलले, त्यांची उतरंड रचली आणि गुलामगिरीला तिचा आधार दिला.

१९७२ साली अमेरिकेतल्या रिचर्ड लेवोंटिन यांनी निरनिराळ्या लोकांचे रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं ताडून पाहिली. एकूण फरकातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसांमध्ये निघाला. वंशावंशांतला फरक जेमतेम ६ टक्के.

आमच्या गटात हे बोललो, तेव्हा आम्हाला रक्तदान आठवलं. सख्ख्या बहिणीचा रक्तगट कधी कधी जुळत नाही, आणि आफ्रिकेतल्या अनोळखी बाईचा जुळू शकतो. कातडीच्या रंगावरून ते कसं कळणार?