एचडीआरआय प्रकाशातील खोलीचे रेंडरिंग

खोलीच्या त्रिमितीय प्रतिकृतीला सभोवतालच्या एचडीआरआय चित्रातून प्रकाश देऊन प्रतिमा तयार करण्याची पद्धत. ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनात हा प्रकाश खिडकीतूनच आत येतो. भिंतीवरून यदृच्छया सोडलेल्या किरणांपैकी थोडेच खिडकी गाठतात. त्यामुळे शेजारच्या पिक्सेलांची मूल्ये भिन्न येऊन प्रतिमा रवाळ दिसते. यावर खिडकीच्या मापाचा एरिया लाइट तिच्या चौकटीत आतल्या दिशेने ठेवून `Portal` निवडतात. तो स्वतः प्रकाश देत नाही, किरणांना खिडकीची दिशा दाखवतो.

खोली अंधारी वाटल्यास `Exposure` वाढवतात. १ ने वाढवल्यास उजळपणा दुप्पट होतो. मात्र त्याने रवाळपणा घटत नाही, उलट सावलीत दडलेला उघड होतो. तो निम्म्यावर आणण्यास चौपट नमुने लागतात, म्हणजे २५६ ऐवजी १०२४.

उरलेले रवे `OpenImageDenoise` पुसते. पृष्ठभागांचे मूळ रंग व दिशा यांची माहिती दिल्यास कडा शाबूत राहतात. नमुने फारच कमी असल्यास कोपऱ्यांत ढगाळ डाग पडतात आणि कापडाची वीण पुसली जाते; अशा वेळी नमुने वाढवणे हाच उपाय.