बँक परीक्षेच्या अर्जासाठी मोबाइलवर फोटो
निंबोल्यात हा फोटो आम्ही घरच्या ओसरीतच काढतो. उमेदवाराने अंगणाकडे तोंड करून उभे राहावे. थेट ऊन नको. मागे पांढरी चादर ताणून लावावी व तिच्यापासून ३ फूट पुढे यावे, नाहीतर डोक्यामागे सावली पडते. पांढरा सदरा टाळावा, तो चादरीत मिसळतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, ५ फुटांवरून दुसऱ्याने धरावा. जवळून नाक मोठे दिसते.

आयबीपीएसच्या अर्जात २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी अशी मर्यादा असते. आधी चेहरा व खांदे ठेवून फोटो कापावा, मग पिक्सेल कमी करावेत. फाइल १२ केबीची झाली तर तीही चालत नाही. अशा वेळी मूळ फोटोवरूनच क्वालिटी वाढवून पुन्हा सेव्ह करावी.