सैतानाचा वकील

सभेत सर्वांचे एकमत होत आलेले असते. अशा वेळी एखादा सदस्य उलट मुद्दा मांडू लागला की, ‘हा आता सैतानाचा वकील झाला,’ असे म्हणून आपण हसतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. हा शब्दप्रयोग रोममधील संतपदाच्या चौकशीतून आला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हा वकील तेथे नेमके काय करीत असे आणि त्याचे काम कशामुळे परिणामकारक होत असे, हे समजून घेतले तर आपल्या हसण्याला थोडा लगाम बसेल.

पोप पाचवे सिक्स्टस ह्यांनी 1588 साली संस्कारविधींचे मंडळ स्थापन केले आणि संतपदाची प्रकरणे त्याच्याकडे सोपविली. मंडळातील ज्या अधिकाऱ्याला लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणू लागले, त्याचे खरे पदनाम ‘प्रोमोतोर फिदेई’, म्हणजे श्रद्धेचा पुरस्कर्ता, असे होते. उमेदवाराच्या जीवनात, लिखाणात, साक्षीपुराव्यांत किंवा त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारांत जे जे शंकास्पद दिसेल, ते त्याने लेखी मांडावयाचे. त्याच्या ह्या आक्षेपांना उमेदवाराच्या बाजूच्या वकिलानेही लेखीच उत्तर द्यावयाचे. आक्षेप आणि उत्तरे एकत्र छापून मंडळाच्या सदस्यांना दिली जात आणि त्यांवर एकदा नव्हे, तर तीन बैठकांत विचार होई. अखेरची बैठक पोपमहोदयांसमोर भरे. उत्तर समाधानकारक नसेल, तर प्रकरण वर्षानुवर्षे थांबून राही.

ह्या पदावरील सर्वांत नामांकित व्यक्ती म्हणजे प्रॉस्पेरो लांबेर्तिनी. 1708 पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी हे काम केले. त्यांच्यापुढे आलेल्या प्रकरणांपैकी एक कुपेर्तीनोच्या योसेफाचे होते. दक्षिण इटलीतील हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू 1663 साली निवर्तला. प्रार्थनेत तल्लीन झाला की तो जमिनीवरून अधांतरी उचलला जात असे, असे पाहणारे सांगत. लोकांची झुंबड उडू लागली, तेव्हा 1638 साली धर्मन्यायालयाने त्याला नेपल्सला बोलावून चौकशी केली. तो निर्दोष ठरला, तरी पुढे त्याला एका मठातून दुसऱ्या मठात लोकांपासून दूर ठेवण्यात आले. अशा माणसाविषयी भाबड्या मनाला शंका येणार नाही आणि संशयी मनाला विश्वास वाटणार नाही. लांबेर्तिनींनी ह्या प्रकरणावर कसून आक्षेप घेतले. दुसऱ्या बाजूने साक्षींच्या आधारे त्यांची उत्तरे दिली आणि त्या उत्तरांनी आक्षेपकाचेच समाधान झाले. पुढे लांबेर्तिनी स्वतः चौदावे बेनेडिक्ट ह्या नावाने पोप झाले आणि 1753 साली त्यांनीच योसेफाला धन्यवादित घोषित केले. आपल्या आदेशात त्यांनी प्रत्यक्षदर्शींच्या निर्विवाद सचोटीचा उल्लेख केला. ज्याने सर्वांत कठोर प्रश्न विचारले होते, त्याच्याच सहीने तो निर्णय झाला. त्यामुळे त्या निर्णयाला जे वजन आले, ते नुसत्या एकमताने आले नसते.

लांबेर्तिनींचे आणखी एक कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. संतपदाच्या प्रक्रियेवर त्यांनी 1734 ते 1738 ह्या काळात एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रोगमुक्तीला चमत्कार केव्हा म्हणावे ह्याच्या कसोट्या त्यात आहेत. रोग गंभीर असावा आणि आपोआप उतरणीला लागलेला नसावा. औषध दिलेले नसावे, वा दिले असल्यास निष्फळ ठरलेले असावे. बरे होणे एकाएकी, पूर्ण आणि कायमचे असावे. तसेच त्याआधी रोगाला नैसर्गिक कलाटणी मिळालेली नसावी. आक्षेपकाने आपले समाधान कशाने होईल हे आधीच जाहीर केले, असा ह्याचा अर्थ. जो विरोधक हे सांगू शकत नाही, त्याच्याशी कितीही वाद घातला तरी निर्णय एक पाऊल पुढे सरकत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1983 साली ही प्रक्रिया बदलली. न्यायालयासारख्या वादप्रतिवादाची जागा इतिहासाच्या चिकित्सक अभ्यासाने घेतली. श्रद्धेच्या पुरस्कर्त्याचे पद उरले, पण त्याची पूर्वीची आक्षेपकाची भूमिका उरली नाही. मदर तेरेसांच्या प्रकरणात त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचेन्स ह्यांची साक्ष 2001 साली वॉशिंग्टनमध्ये घेण्यात आली, म्हणजे विरोधी मत ऐकण्याची प्रथा संपली नाही. मात्र साक्षीदार आपले म्हणणे सांगून निघून जातो. उत्तर मिळेपर्यंत प्रकरण रोखून धरणारा अधिकारी वेगळा.

हा फरक विसरल्यास काय घडते, ह्याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या काळात परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ अधिकारी जॉर्ज बॉल ह्यांचा व्हिएतनाम युद्ध वाढविण्यास मनापासून विरोध होता. ऑक्टोबर 1964 मध्ये त्यांनी सदुसष्ट पानांचे टिपण लिहिले. ते राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचले 1965 च्या फेब्रुवारीत. दरम्यान बॉल हे ‘सैतानाचे वकील’ म्हणून ओळखले जाऊ लागले होते. बैठकीत त्यांना बोलू दिले जाई. ते बोलले की त्यांना कर्तव्य बजावल्याचे समाधान मिळे आणि इतरांना दुसरी बाजू ऐकल्याचे. 21 जुलै 1965 च्या बैठकीतही ते बोलले. एका आठवड्याने सैन्य पंचाहत्तर हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा झाली. बॉल ह्यांनी 1966 साली पद सोडले. त्या युद्धात अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसे मृत्युमुखी पडली. तळमळीने मांडलेल्या मताला एकदा ‘भूमिका’ ठरविले की त्याचे उत्तर देण्याची कोणाला गरज वाटत नाही.

मानसशास्त्रज्ञ शार्लान नेमेथ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा निष्कर्षही ह्याला धरूनच आहे. ज्याचे मत खरोखर वेगळे आहे असा सदस्य असलेल्या गटाने अधिक आणि अधिक चांगले पर्याय शोधले. नेमून दिलेल्या विरोधकाचा तेवढा उपयोग झाला नाही. उलट त्याला ऐकताना लोक आपल्याच मूळ मताच्या समर्थनार्थ नवी कारणे शोधू लागले.

मग विरोधी बाजू मांडण्याचा उपयोग केव्हा होतो? समजा, धर्मग्राम परिषदेपुढे चर्चच्या जागेत सभागृह बांधण्याचा प्रस्ताव आहे. वर्गणी गोळा झाल्यावर आणि पायाभरणीची तारीख ठरल्यावर आलेला आक्षेप केवळ कटुता वाढवील. प्रस्ताव कच्चा असतानाच कोणाला मनापासून शंका आहे, हे विचारावे. शंका असलेल्याने ती लिहून द्यावी: दरवर्षीचा देखभालीचा खर्च कोठून येणार, पावसाळ्याचे पाणी कोणीकडे वळणार. कोणते उत्तर मिळाल्यास आपला विरोध संपेल, हेही त्याने लिहावे. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी लेखी उत्तर द्यावे आणि दोन्ही कागद वाचल्यावाचून मतदान घेऊ नये. कोणालाच शंका नसेल, तर एखाद्याला विरोधक नेमता येईल; पण त्याने कागदपत्रे तपासून खऱ्या उणिवा शोधल्या पाहिजेत, नुसते नाटक करू नये. निर्णय झाल्यावर मात्र आक्षेपकाचे नाव चघळत बसू नये, कारण तसे झाले तर पुढच्या खेपेस शंका असलेला माणूस तोंड उघडणार नाही.