असईचे १५८४

परवा एका मित्राने असईच्या लढाईवरचा मजकूर तपासायला दिला. मूळ इंग्रजी, मराठी भाषांतर झालेलं, त्यावर संपादकाचा हातही फिरलेला. असई आमच्या जालना जिल्ह्यातलं, म्हणून शनिवारी उत्साहाने बसलो.

आधी दोन्हीकडची वाक्यं क्रमांक देऊन समोरासमोर मांडली, मग आकडे जुळवले. २३ सप्टेंबर १८०३, बरोबर. वेलस्लीचे १५८४, तेही बरोबर. पण मराठीत होतं, 'वेलस्लीचे १५८४ सैनिक ठार झाले'. मुळात शब्द होता 'कॅज्युअल्टीज' आणि पुढे फोड: ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. बेरीज १५८४!

भाषांतरकाराने 'हताहत' लिहिलं होतं, म्हणजे हत आणि आहत, मेलेले आणि जखमी. संपादकाने सोपं म्हणून 'ठार' केलं आणि जागा वाचवायला फोडही गाळली. म्हणजे चूक पकडायची सोयच गेली. आकडा जुळला, अर्थ मात्र सरकला; मेलेले जवळपास चौपट झाले.

'हताहत' परत आणावं, तर त्यात बेपत्ता बसत नाहीत. शेवटी तिन्ही आकडे लिहून टाकले. आकडा तपासताना त्याच्या शेजारचं नामही तपासायचं, एवढं शिकलो. असो.