धूम्रपान आणि सोरायसिस

सोरायसिस हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे होणारा, दीर्घकाळ टिकणारा व संसर्गजन्य नसलेला त्वचाविकार आहे. धूम्रपानामुळे हा विकार होण्याची शक्यता वाढते, तसेच असलेला विकार अधिक तीव्र होऊ शकतो व उपचारांचा परिणाम कमी मिळतो असे आढळले आहे.

कारणे

निरोगी त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो. सोरायसिसमध्ये ही क्रिया काही दिवसांतच घडते व जाड, खवलेदार चट्टे तयार होतात. तंबाखूच्या धुरामुळे शरीरातील ऑक्सिडीकारक ताण वाढतो. निकोटिन त्वचेतील पेशींवर व प्रतिकारपेशींवर परिणाम करते. त्यामुळे इंटरल्यूकिन-१७ सारख्या दाहकारक प्रथिनांना चालना मिळते. तळहात व तळपाय यांवर पुवाने भरलेल्या पुटकुळ्या येणाऱ्या प्रकाराशी धूम्रपानाचा संबंध विशेष घट्ट असून असे बहुसंख्य रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले असतात.

उपचारांवरील परिणाम

रोगाची तीव्रता 'पासी' या ० ते ७२ गुणांच्या मापनाने ठरवतात. त्यात चट्ट्यांची लाली, जाडी, खवले व व्याप्ती मोजली जाते. उदाहरणार्थ, उपचारापूर्वी २० गुण असलेल्या रुग्णाचे गुण काही महिन्यांनी ५ किंवा त्याहून कमी झाले, तर ७५ टक्के सुधारणा झाली असे मानतात. ते ९ वरच थांबले, तर सुधारणा ५५ टक्केच ठरते. जैविक औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासांत, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ७५ टक्क्यांचा टप्पा गाठणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळले आहे. हे अभ्यास मुख्यतः निरीक्षणात्मक आहेत. वजन व मद्यपान यांचा परिणाम धूम्रपानापासून पूर्णपणे वेगळा काढणे त्यांत कठीण असते.

त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला

औषध निष्प्रभ ठरले असे मानण्यापूर्वी मात्रा चुकल्या का, वजन वाढले का आणि धूम्रपान चालू आहे का, हे तपासले जाते. दिवसाला २० सिगारेटी याप्रमाणे एक वर्ष म्हणजे एक 'पॅक-वर्ष'; त्यानुसार रोज १० सिगारेटी २० वर्षे ओढणाऱ्याची १० पॅक-वर्षे होतात. हा आकडा वाढतो तसा धोकाही वाढतो.

सिगारेट व विडी दोन्ही पूर्णपणे सोडण्याचा सल्ला दिला जातो. त्यासाठी समुपदेशन व निकोटिनयुक्त च्युइंगगम किंवा पट्टी यांची मदत घेता येते. त्वचेला इजा झालेल्या जागी नवे चट्टे उठू शकत असल्याने पट्टीची जागा रोज बदलावी व चट्ट्यांवर ती लावू नये. धूम्रपान सोडण्यासाठी दिले जाणारे ब्युप्रोपियॉन क्वचित सोरायसिस वाढवते, म्हणून ते तज्ज्ञांना सांगूनच घ्यावे.

धूम्रपान सोडल्यावर चट्टे लगेच जात नाहीत. त्यामुळे चालू उपचार स्वतःहून थांबवू नयेत. सोरायसिसमध्ये हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक असतो, म्हणून धूम्रपान सोडण्याचा लाभ त्वचेपुरता मर्यादित नसतो.