सुतातली चिमणी

सोलापुरात अभियांत्रिकीच्या मुलांना फूरिए रूपांतर शिकवायचं असलं की मी फळ्याला हात लावण्याआधी सुताचा कोन टेबलावर ठेवतो. वर्गातल्या कुणाच्या तरी घरी यंत्रमाग असतोच, आणि टॉवेलच्या कापडात आडवा पट्टा उमटला की माल परत येतो, हे त्या मुलाला पुस्तकाआधी कळलेलं असतं. पट्टा का उमटतो? कारण सूत सगळीकडे सारखं जाड नसतं. पण नुसत्या जाडबारीकपणाने पट्टा दिसत नाही. जाडी ठरावीक अंतराने परत परत आली, तरच डोळ्याला नक्षी दिसते. म्हणून सूतगिरणीचा खरा प्रश्न असा: या सुतात कोणत्या अंतराने काय परत येतं?

तो सोडवण्याची जुनी रीत सोपी आहे. काळ्या पाटीवर सूत शेजारी शेजारी गुंडाळायचं आणि उजेडात धरायचं. पाटी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद असली तर आणखी चांगलं. फेऱ्याची लांबी हळूहळू बदलत जाते, आणि जिथे ती दोषाच्या अंतराशी जुळते तिथे जाड ठिकाणं एकाखाली एक येऊन ठळक रेघ उमटते. बाकी पाटीवर ती विखुरलेली असतात.

आता पाटीऐवजी गोल पिंप घ्या. समजा सुतात दर 9.4 सेंटीमीटरला जाड जागा येते. बरोबर 9.4 सेंटीमीटर परिघाच्या पिंपावर ते गुंडाळलं, तर सगळ्या जाड जागा एकाच बाजूला बसतात आणि पिंप त्या बाजूला जड होतं. 10 सेंटीमीटर परिघाचं पिंप घेतलं, तर पुढची जाड जागा दर वेळी 6 मिलिमीटरने मागे सरकते. सतराएक जागांत ती पिंपाला पूर्ण वळसा घालते, वजन सगळीकडे सारखं पसरतं आणि पिंप कुठेच झुकत नाही. शेकडो पिंपं घ्या, प्रत्येकाचा परीघ थोडा वेगळा, आणि प्रत्येकापुढे लिहा: किती झुकलं, कोणत्या बाजूला झुकलं. ती यादी म्हणजे फूरिए रूपांतर. झुकण्याचं प्रमाण हा आयाम, झुकण्याची बाजू ही कला.

ज्याच्या नावाने हे ओळखलं जातं, त्याच्यापुढे मात्र सूत नव्हतं. त्याच्यापुढे लोखंडाचं कडं होतं. जोसेफ फूरिए 1802 पासून फ्रान्समधल्या ग्रनोबलला प्रीफेक्ट होता, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा. (तिथून शंभरेक किलोमीटरवर, लियोंमध्ये, त्याच दशकात जॅकार्डचा माग उभा राहत होता. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच मागाच्या वंशातली.) कारभार सांभाळून तो उष्णतेचे प्रयोग करी. कडं एका बाजूने तापवायचं आणि ठिकठिकाणी तापमापक लावून उष्णता कशी पसरते ते बघायचं.

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव डोळ्यांपुढे आणा. तिचा एकच भाग लाल तापवून ती बाजूला ठेवली तर आधी काय नाहीसं होतं? गरम आणि थंड भागांमधली तीक्ष्ण सीमा. मग उरतो तो एक रुंद, मऊ चढउतार, अर्धी बाजू जरा गरम, अर्धी जरा थंड. तो बराच वेळ टिकतो. याचं कारण फूरिएने पकडलं. कड्याभोवती एकाऐवजी दोन लाटा असल्या तर गरम आणि थंड जागांमधलं अंतर निम्मं होतं, आणि तापमानाचा उतारही दुप्पट तीव्र होतो. निम्मी वाट आणि दुप्पट उतार, म्हणून ती लाट चौपट वेगाने विरते. तीन लाटा असल्या तर नऊपट. लाटेचा आकार मात्र बदलत नाही, फक्त उंची घटते. मग युक्ती सुचतेच: सुरुवातीच्या ओबडधोबड तापमानाची अशा लाटांत फोड करायची, प्रत्येक लाट आपापल्या वेगाने विरू द्यायची, आणि हव्या त्या क्षणी बेरीज करायची.

21 डिसेंबर 1807 रोजी ही युक्ती मांडणारा त्याचा निबंध पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे गेला. लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रवा परीक्षक होते. लाग्रांज अडला. गोलसर लाटांच्या बेरजेतून तुटक कोपरा कसा तयार होईल, ही शंका आजही दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतो, आणि ती विचारणाऱ्याला मी गप्प बसवत नाही. लाटा वाढवत नेल्या की बेरीज कोपऱ्याच्या जवळ जाते, पण अगदी कडेला उडीच्या सुमारे 9 टक्के जास्त उंच उसळते. कितीही लाटा घ्या, ती उसळी बुटकी होत नाही, फक्त अधिकाधिक अरुंद होते. लाग्रांजची अस्वस्थता पोकळ नव्हती.

1811 च्या स्पर्धेसाठी फूरिएने निबंध वाढवला, बक्षीस मिळवलं, आणि पुस्तक 1822 मध्ये छापलं. त्या वाढीव भागात कळीची पायरी आहे. कड्यावर एक, दोन, तीन अशा पूर्ण लाटाच बसतात, दीड लाट बसत नाही. पण सळई दोन्ही बाजूंना अनंत लांब असेल तर? मग कोणत्याही लांबीची लाट चालते, आणि तुटक यादीच्या जागी सलग वक्र येतो. कडं ते फूरिए श्रेणी, सळई ते फूरिए रूपांतर.

गिरणीकडे परत येऊ. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाच्या नावाचं यंत्र आपल्या सूतगिरण्यांच्या प्रयोगशाळांत असतं. दोन पट्ट्यांच्या धारित्रातून सूत धावतं आणि दर 8 मिलिमीटरचं वस्तुमान धारकतेतल्या बदलावरून कळतं. मग यंत्र आलेख काढतं, आडव्या अक्षावर तरंगलांबी. चांगल्या सुताचा आलेख पसरट टेकडीसारखा असतो. दोष असला तर त्यातून एक सरळ उभा खांब वर येतो. त्याला म्हणतात चिमणी. जुन्या गिरण्यांच्या सोलापुरात तो शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

चिमणी 9.4 सेंटीमीटरवर आली, तर 3.14 ने भागा: 3 सेंटीमीटर. रिंग फ्रेमच्या पुढच्या वरच्या रोलरचा रबरी कॉट साधारण एवढ्याच व्यासाचा. तो उत्केंद्री झाला असणार. 2.36 मीटरवर आली तर? एवढा मोठा रोलर यंत्रात नसतो. पण मागच्या रोलरपासून पुढे येईपर्यंत कापूस 30 पट ताणला जात असेल, तर 236 भागिले 30 म्हणजे 7.9 सेंटीमीटर, म्हणजे 25 मिलिमीटर व्यासाचा मागचा रोलर. रोलरला नुसता एक खड्डा पडला असेल तर त्याची लाट गोलसर नसते. मग मूळ अंतराच्या निम्म्यावर आणि तिसऱ्या हिश्शावरही छोट्या चिमण्या दिसतात. त्या वेगळे दोष समजून यंत्रभर शोधाशोध करणं ही नवख्याची नेहमीची चूक.

एवढं झाल्यावरच मी लिहितो:

X(f) = ∫ x(t) e^(−i2πft) dt

x(t) म्हणजे t या ठिकाणची सुताची जाडी. e^(−i2πft) म्हणजे सूत पिंपावर गुंडाळणं, आणि f म्हणजे दर मीटरला किती वेढे. ∫ म्हणजे सगळ्या जागांचं वजन एकत्र घेणं. X(f) म्हणजे पिंप किती आणि कोणीकडे झुकलं. आडव्या अक्षावर मीटरऐवजी सेकंद घेतले की हेच समीकरण आवाजाला आणि विजेच्या प्रवाहाला लागू होतं.

दोन गोष्टी मुलांच्या वहीत लिहून घेतो. 400 मीटर सूत तपासलं तर 2.36 मीटरचा दोष सुमारे 170 वेळा समोर येतो, त्यावर विश्वास ठेवावा. 100 मीटरचा दोष चारच वेळा येतो, ती चिमणी योगायोगही असू शकते. आणि दोष सुताच्या उत्तरार्धातच सुरू झाला असेल, तर आलेखातली चिमणी फक्त बुटकी दिसते, तो कुठे सुरू झाला ते तिच्या उंचीवरून कळत नाही. त्यासाठी सुताचे तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा आलेख काढावा लागतो, आणि शेवटी फ्रेमपाशी जाऊन, कॉट हाताने फिरवत, डायल गेजचा काटा किती हलतो ते बघावं लागतं.