अ‍ॅप-टॅक्सीचा अपघात : जबाबदारी कोणाची

मोबाइलवरील अ‍ॅपमधून बोलावलेल्या टॅक्सीला अपघात होऊन प्रवासी जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई चालकाने द्यायची, मालकाने की अ‍ॅपवाल्या कंपनीने, असा हा प्रश्न. नवी मुंबईत तो सायन-पनवेल महामार्ग, पाम बीच रस्ता आणि ठाणे-बेलापूर रस्ता या तिन्हींवर उद्भवू शकतो. ग्राहकाच्या डोळ्यांपुढे कंपनीचे नाव असते, कारण भाडे तिने ठरवलेले आणि पावतीही तिची. कायद्याच्या डोळ्यांपुढे मात्र आधी गाडीची नंबरप्लेट असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात जिथे झाला, अर्जदार जिथे राहतो किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणचे प्राधिकरण चालते. नवी मुंबईकरांना हे उपयोगी पडते, कारण वाशी-बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-कामोठे रायगड जिल्ह्यात येते. रक्कम कोणी भरायची हे कलम १६८ सांगते : विमा कंपनी, मालक किंवा चालक, यांपैकी एक वा सगळे. त्या यादीत अ‍ॅपवाली कंपनी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ‘अ‍ॅग्रिगेटर’ची व्याख्या कायद्यात आली, म्हणजे प्रवाशाची चालकाशी गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ. त्याला राज्याचा परवाना सक्तीचा झाला. पण कलम १६८ च्या यादीत त्याची भर पडली नाही.

मग ग्राहक आयोगाकडे का जाऊ नये? तिथे तर कंपन्या हरल्याची उदाहरणे आहेत. जून २०१८ मध्ये डोंबिवलीची एक महिला उबरची गाडी घेऊन मुंबई विमानतळाकडे निघाली. गाडी उशिरा आली, चालक फोनवर बोलत राहिला, वाटेत सीएनजी भरायला वळला आणि चेन्नईचे विमान चुकले. आम्ही फक्त मध्यस्थ, सेवा चालकाची, हा कंपनीचा बचाव ठाण्याच्या आयोगाने २०२२ मध्ये फेटाळला आणि मनस्तापापोटी १० हजार व दाव्याच्या खर्चापोटी १० हजार रुपये द्यायला लावले. म्हणजे चुकलेल्या विमानाबद्दल कंपनी उत्तरदायी ठरली. त्याच प्रवासात हाड मोडले असते, तर हा रस्ता बंद झाला असता. थिरुवल्लुवर परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे की वाहन अपघातातील मृत्यू-इजेच्या भरपाईचा विचार ग्राहक मंचाने करायचा नाही, तो दावा प्राधिकरणाचा अधिकार. ज्या दारात कंपनी सापडते तिथे अपघात नेता येत नाही आणि ज्या दारात अपघात नेता येतो तिथल्या यादीत कंपनी नाही. या विषयातली खरी गोम हीच.

व्यवहारात कोण काय भरते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. वाशीच्या बाजारातील एका पेढीवर कायम नोकरीत असलेला, ३४ वर्षांचा, महिना ३० हजार पगाराचा माणूस रात्री अ‍ॅपच्या टॅक्सीने खारघरला निघतो. महामार्गाच्या कडेला मागचे दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर चालकाला दिसत नाही, गाडी धडकते आणि प्रवासी दगावतो. मागे आई, पत्नी, मुलगी. प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या पगारात पुढच्या वाढीपोटी निम्मी भर घालतात, म्हणजे ४५ हजार. तिघे अवलंबून असल्याने स्वतःच्या खर्चाचा एक-तृतीयांश वजा, उरले ३० हजार, वर्षाचे ३ लाख ६० हजार. सरला वर्मा निकालातील (२००९) या वयाचा गुणक १६. रक्कम होते ५७ लाख ६० हजार. अंत्यविधी वगैरेची ठरीव रक्कम वेगळी.

प्राधिकरणाने दोष टॅक्सीचा ६० टक्के आणि ट्रेलरचा ४० टक्के धरला, तरी प्रवाशाचा दोष शून्य. त्यामुळे पत्नीला सगळी रक्कम टॅक्सीच्या विमा कंपनीकडून मागता येते. ट्रेलरचा वाटा वसूल करणे ही त्या विमा कंपनीची डोकेदुखी. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई निकालात हे स्पष्ट केले आहे.

हा सगळा हिशेब उभा राहतो तो पिवळ्या प्लेटच्या विम्यावर. टॅक्सीतल्या प्रवाशाची जोखीम या सक्तीच्या विम्यात धरलेली असते. चालकाचा परवाना बनावट निघाला किंवा परमिट नसले, तर विमा कंपनी अटभंगाचा मुद्दा काढते. तेव्हा प्राधिकरण बहुधा ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देते. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने पाठवली असेल तर मात्र हा वाद वर्षानुवर्षे रेंगाळतो.

मालक कोण, हेही वाटते तितके सरळ नाही. नोंदणी ज्याच्या नावे तो मालक, आणि गाडी विकूनही नाव बदलले नसेल तर जुनाच मालक अडकतो (नवीन कुमार निकाल, २०१८). पण गाडी भाडेपट्ट्यावर किंवा कर्जावर घेतलेली असेल, तर कलम २(३०) नुसार करारानुसार ज्याच्या ताब्यात ती आहे तोच मालक. एखाद्या फ्लीट कंपनीच्या नावावरची गाडी लीजवर चालवणारा चालक त्यामुळे एकाच वेळी चालकही ठरतो आणि मालकही. रोजच्या भाड्यावर गाडी घेणाऱ्याकडे असा करार बहुधा नसतो, मग जबाबदारी परत फ्लीट मालकाकडे येते.

अ‍ॅपच्या कंपनीला गुंतवण्याचा कायदेशीर आधार जुना आहे आणि तो एसटीसारख्या महामंडळावरचा आहे. राजस्थान परिवहन महामंडळाने चालकासह भाड्याने घेतलेल्या बसचा अपघात झाला, तेव्हा बसवर आणि चालकावर प्रत्यक्ष हुकमत महामंडळाची होती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्यालाच जबाबदार धरले (कैलाशनाथ कोठारी निकाल). मार्ग कोणी ठरवला, भाडे कोणी ठरवले, चालकाला कामावरून दूर कोण करू शकतो, हे प्रश्न अ‍ॅपला लावले तर तिन्हींचे उत्तर बऱ्याच अंशी कंपनी हेच येते. कंपनीचा युक्तिवाद असा की चालक हवे तेव्हा अ‍ॅप बंद करतो, बसच्या चालकाला ती मुभा नव्हती. माझ्या मते हुकमतीची बाजू जड आहे. तरी कंपनी प्रतिवादी म्हणून हजर असण्याचा पहिला फायदा पैशाचा नसून माहितीचा असतो : राइडचा क्रमांक, गाडी खरोखर कोण चालवत होते, जीपीएसवरचा मार्ग आणि वेग.

काही कंपन्या प्रवाशांसाठी वेगळा विमाही काढतात. ओलाने २०१८ मध्ये शहरातील राइडमागे एक रुपया घेऊन ५ लाखांपर्यंतचे संरक्षण देऊ केले होते. वरच्या उदाहरणातल्या ५७ लाखांपुढे ती रक्कम तोकडीच.

‘राइड कॅन्सल करा, रोख द्या,’ असे चालकाने सुचवले आणि प्रवाशाने मानले, तर टॅक्सीच्या सक्तीच्या विम्यावरचा हक्क जात नाही. पण कंपनीकडची नोंद आणि तिचा विमा दोन्ही हातचे जातात. म्हणून अपघातानंतर राइडचा स्क्रीनशॉट, गाडीचा क्रमांक (नवी मुंबईत बहुधा एमएच-४३, पनवेलकडे एमएच-४६) आणि विमा पॉलिसीचा क्रमांक एफआयआर व पंचनाम्यात आला आहे ना, हे पाहावे. एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाला द्यायचा असतो. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असे कलम १६६(३) सांगते.